गहू, तांदूळ, मटकी: कोठीच्या आणि हवाबंद पिशवीच्या नोंदी

१० एप्रिल

आमची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे पेठेत कुणाच्या घरी धान्य कसं टिकलंय हे डबा उघडला की कळतं. आषाढ लागला की गव्हाबरोबर सोंडेही जात्यात जायला येतात. बायकांचा प्रश्न ठरलेला असतो, "कडुलिंबाचा पाला घातला होता की वैनी, तरी किडे कसे झाले?" यंदा याचं नीट उत्तर शोधायचं ठरवलंय.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून दोन क्विंटल गहू आणला, सगळा एकाच दुकानातला, एकाच थप्पीचा. आजऱ्याच्या पाहुण्यांकडून ५० किलो घनसाळ तांदूळ आला. मटकी आणि मूग पाच-पाच किलो, तूरडाळ पंधरा किलो. गव्हाचे दोन भाग करायचे. एक क्विंटल नेहमीच्या पत्र्याच्या कोठीत, वाळवलेल्या लिंबाच्या पाल्यासकट. उरलेला ५०-५० किलोच्या दोन हवाबंद पिशव्यांत, पाल्याशिवाय. बाकी सगळं सारखं ठेवायचं, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल.

या पिशव्या दिसायला साध्या आहेत. बाहेर विणलेलं पोतं आणि आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकीत एक. १९८० च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीला भुंगा लागू नये म्हणून अशा पिशव्यांवर काम सुरू केलं. आता त्या आपल्याकडेही मिळतात. आत्याबाईंनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "असल्या कागदात गहू श्वास कुठनं घेणार?" म्हणाल्या. नेमकं तेच तर करायचंय.

१२ एप्रिल

पाला काढला. पाडव्यानंतर झाडाला जी तांबूस कोवळी पालवी फुटते ती घेतली नाही. तिच्यात पाणी जास्त असतं आणि ती वाळताना काळी पडते. खालच्या फांद्यांचा जून, गडद हिरवा पाला घेतला. कॉलनीच्या कोपऱ्यावर बकाणा आहे, तोही लिंबासारखाच दिसतो, म्हणून मुलांना पान नीट बघूनच तोडायला लावलं. कडुलिंबाचं पान सुरीच्या दातांसारखं कातरलेलं आणि किंचित वाकडं असतं. बकाण्याचा पाला दुहेरी-तिहेरी फुटलेला असतो.

सावलीत, माजघरात चादरीवर पसरलाय. गच्चीवर टाकला तर एका दिवसात वाळेल, पण लिंबात किड्यांना नको वाटणारी जी द्रव्यं आहेत ती कडक उन्हात लवकर मोडतात. शिवाय पानात ती मुळातच निंबोळीच्या मानाने कमी असतात. आहेत तेवढी तरी राहू देत.

पान वाळलं का हे पातीवरून बघायचं नाही. पाती चुरचुरीत झाली तरी मधली शीर ओली असते. शीर वाकवल्यावर काटकीसारखी कट्कन मोडली पाहिजे. नुसती दबली तर अजून दोन दिवस.

१६ एप्रिल

गहू गच्चीवर काढायच्या आधी दोन कामं केली.

पहिलं, ओलावा. मीठ तव्यावर कोरडं भाजून गार केलं. काचेच्या कोरड्या बरणीत एक तृतीयांश गहू आणि दोन चमचे मीठ घालून झाकण लावलं, जोरात हलवलं आणि पाव तास ठेवून दिलं. मीठ काचेला चिकटलं तर गव्हात १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा आहे असं धरायचं. आमचं चिकटलं नाही. पण एवढ्यावर पिशवी बांधायला धजू नये. या चाचणीत १४ टक्क्यांचा गहूही पास होतो आणि हवाबंद ठेवायला १२ च्या आसपास किंवा खाली हवा. पुढची परीक्षा दातांची. दाणा दाढेखाली धरल्यावर कट् असा आवाज येऊन दोन तुकडे झाले पाहिजेत. आमचा निम्मा दाणा कट् म्हणतोय, निम्मा नुसता चेपतोय. म्हणजे उन्हाची गरज आहेच.

दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून मिळून पाव किलोभर गहू काढला, चाळला, डोळ्यांना दिसणारा एकेक किडा वेचून टाकला आणि काचेच्या बाटलीत भरून तोंडाला पातळ कापड बांधलं. ही बाटली स्वयंपाकघरात शेगडीपासून जरा लांब, उबदार कप्प्यात ठेवली. यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही.

कारण असं की सोंडकिड्याची मादी दाण्याला सोंडेनं बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बुचानं तोंड बंद करते. बुचाचा रंग दाण्यासारखाच असतो. अळी आतच जन्मते, आतच खाते, आतच कोषात जाते. भोक दिसतं ते किडा बाहेर पडल्यावर. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उष्म्यात या सगळ्याला चार-पाच आठवडे लागतात. म्हणून दुकानात हातावर घेतलेला गहू कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात काय आहे ते महिन्यानंतर कळतं. तोवर ही बाटली माझी साक्षीदार.

१९ एप्रिल

गहू तीन दिवस गच्चीवर होता. बोटभर जाडीचा थर, दर तासाला फळीनं खालीवर. हे म्हणाले, थर जाड ठेव, जागा पुरेल. पण जाड थरात वरचा दाणा तापतो आणि खालचा थंड राहतो, आणि किडे नेमके तिथंच जाऊन बसतात. दुपारी एकच्या सुमारास बघण्यासारखं दृश्य होतं. मोठे किडे ताडपत्रीच्या कडेनं पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे ओळीनं निघाले होते. पसारा भिंतीपासून आणि सावलीपासून चांगला लांब नसेल तर ते दिवसभर सावलीत बसतात आणि संध्याकाळी गोळा करताना गव्हाबरोबर पुन्हा पोत्यात येतात. मी कडेनं राखेची रेघ ओढली आणि ओळ सुपात झाडून गिरणीमागं जाळली.

दाणा आता सगळा कट् म्हणतो. उन्हानंतरच्या गव्हाचीही एक बाटली भरून पहिलीच्या शेजारी ठेवली.

आज गहू भरला नाही. संध्याकाळी गोळा केलेला गहू हाताला गरम लागतो. तो तसाच बंद केला तर रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या बाजूनं दव धरतं. रात्रभर चादरीखाली गार होऊ द्यायचा, सकाळी भरायचा.

२० एप्रिल

कोठी आधी रिकामी करून कुंच्यानं झाडली होती. तळाच्या कोपऱ्यात आणि खालच्या दाराच्या खाचेत गेल्या सालचं पीठ आणि चार-दोन जिवंत किडे निघाले. ते राहू दिले असते तर नव्या गव्हाला बाहेरून कुणी यायची गरजच नव्हती. जुनी पोती उकळत्या पाण्यात घातली, कारण अंडी-अळ्या शिवणीत असतात.

पाल्याचं प्रमाण: क्विंटलला साधारण एक किलो वाळलेला पाला. ओला तीन किलोच्या वर काढावा तेव्हा तेवढा होतो. तळाला एक थर, मग वीस-पंचवीस किलोला एक, आणि सगळ्यात वर जाड. पाला मोकळा टाकला नाही. जुन्या मलमलच्या साडीच्या पुरचुंड्या केल्या. मोकळ्या पाल्याचा चुरा गव्हात मिसळतो, निवडताना राहून जातो आणि पिठाची पोळी कडसर लागते. गिरणीत असं पीठ आल्याचं मला वासावरून कळतं, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठालाही तो वास लागतो.

पिशव्या भरताना वेगळी शिस्त. पन्नास किलो भरून झाल्यावर पिशवी उचलून आपटली, गहू बसला, आणखी दोन ओंजळी मावल्या. आतल्या पिशवीचं तोंड हातानं दाबत हवा बाहेर काढली, गच्च पीळ घातला, पिळलेला भाग दुमडून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधला. मग दुसरी पिशवी तशीच, मग पोतं. उंदीर लागू नयेत म्हणून फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून.

पाला पिशवीत घातला नाही हे आत्याबाईंना पटलं नाही. "दोन पानं टाकली तर काय बिघडतंय?" खरं तर बिघडत नाही, पण फायदाही नाही. पिशवीचं काम निराळ्या पद्धतीनं चालतं. दाणे श्वास घेतात, आतले किडे आणि अळ्याही घेतात, बाहेरून हवा येत नाही, म्हणून आतला प्राणवायू हळूहळू संपतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. तो पाचाच्या खाली गेला की किडे खाणं सोडतात आणि पुढं मरतात. आत जितकी रिकामी जागा कमी तितका तो लवकर संपतो, म्हणून आपटून काठोकाठ भरायचं.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी तोंड मोकळं ठेवून वारा घेऊ देत, कारण आतल्या हवेत माणूस गुदमरतो. माणसाला जे होतं तेच आमच्या पिशवीत सोंड्याला व्हावं एवढीच अपेक्षा.

२३ एप्रिल

घनसाळ. तांदळाला कडक ऊन दिलं नाही, दाण्याला तडे जातात, कणी पडते आणि घनसाळाचा वास उडतो. घरात पंख्याखाली पसरून ठेवला आणि चाळून घेतला.

आजऱ्याची माणसं पूर्वी भातच साठवायची, लागेल तसं कांडून आणायची. त्यात अक्कल होती. तूस अख्खं असेल तर सोंड्याला आत शिरता येत नाही. सडलेला पांढरा तांदूळ म्हणजे त्याला उघडं ताट. एवढा तांदूळ दर पंधरवड्याला कोण कांडून आणणार, म्हणून चाळीस किलो रबरी कडा असलेल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात आणि दहा किलो रोजच्या डब्यात. रोजच्या डब्यात लिंबाची पुरचुंडी आहे, पिंपात नाही.

पिंपं घेताना झाकणाची परीक्षा केली होती. ही परीक्षा लहान डब्यांवर करायला सोपी आहे. रिकामा डबा घट्ट बंद करून कडकडीत गरम पाण्याच्या बादलीत दाबून धरायचा. आतली हवा तापून फुगते आणि जिथं फट असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. घरातले स्टीलचे सगळे डबे बघितले. वरून टोपीसारखं बसणाऱ्या झाकणाचा एकही हवाबंद निघाला नाही. पत्र्याच्या कोठीची तर चाचणीच नको, खालच्या दारातून दाणे येतात तर हवा येणारच.

२६ एप्रिल

मटकी आणि मूग. कडधान्याचा भुंगा वेगळा. त्याची मादी दाण्याच्या वरच अंडं चिकटवते. हातावर मटकी घेऊन खिडकीजवळ बघितलं तर काही दाण्यांवर खसखशीपेक्षा लहान पांढरे ठिपके आहेत. नखानं खरवडले तर निघतात, पण एकेक खरवडत कोण बसणार? हा भुंगा शेतातच शेंगेवर येतो आणि धान्याबरोबर घरी येतो, म्हणून डब्याची स्वच्छता त्याला अडवत नाही. आणि अंडं एकदा चिकटलं, अळी आत शिरली की लिंबाचा वास तिचं काही करत नाही. लिंब नव्या मादीला अंडं घालू नको म्हणतो, एवढंच.

मूग कोरड्या थंड पेयाच्या बाटल्यांत भरले. बाटली आपटत, पुन्हा भरत, गळ्यापर्यंत. बूच गच्च. मटकीचे दोन भाग केले. अर्धी अशाच बाटलीत. उरलेल्या अर्धीला किलोला एक चमचा शेंगतेल हातावर घेऊन चोळलं, दाणा चकचकीत होईतो, आणि साध्या डब्यात ठेवली. तेलाच्या पातळ थरानं अंड्याला हवा मिळत नाही.

तूरडाळीला हा भुंगा फारसा लागत नाही, त्याला अख्खा गोल दाणा लागतो. डाळीला एरंडेल चोळलं, दरवर्षीप्रमाणे.

२४ मे

बाटल्यांचा निकाल. पहिल्या बाटलीत, ऊन न दिलेल्या गव्हात, कापडाच्या खालच्या बाजूला सोंडे लटकलेत. एकही किडा ठेवला नव्हता, बाहेरून एकही आला नाही, म्हणजे सगळे दाण्यातून निघाले. उन्हातल्या गव्हाच्या बाटलीत दोन-तीनच दिसतात.

तर प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. किडे कोठीत "होत" नाहीत, दुकानातून दाण्यातच बसून येतात. ऊन बऱ्याच अळ्या मारतं, सगळ्या नाही. आणि आता कोठीतही पाल्याशेजारी असेच दोन-तीन बाहेर पडत असणार. मादी तीन-चारशे अंडी घालते. पावसाळा अजून यायचाय.

११ जून

पाऊस लागला. शेजारच्या काकूंनी पिंपात तांदूळ भरून वर वाटीत मेणबत्ती लावून झाकण लावलं. मोबाईलवर बघितलं म्हणाल्या, मेणबत्ती विझली की हवा संपली. मेणबत्ती विझते हे खरं, पण आत साधारण १६ टक्के प्राणवायू उरलेला असतानाच ती विझते. तेवढ्यात सोंडा मजेत जगतो. नुसतं भरून घट्ट बंद केलं असतं तरी पुढं किड्यांनीच तो खाली आणला असता. मेणबत्तीची वाटी ठेवायला काकूंनी चार बोटं जागा रिकामी सोडली होती, ती मात्र नुकसानीची.

९ जुलै

आज कोठी उघडली. उघड झाप दिवसाआड होतेच, पण आज वरची पुरचुंडी उचलून बघितलं. पुरचुंडीखालचा गहू बरा आहे. किडे कोठीच्या भिंतीला, झाकणाच्या वळचणीत आणि मधल्या थरात जिथं पाला नाही तिथं आहेत. म्हणजे पाल्यापासून ते लांब सरकतात, मरत नाहीत. वरच्या थरातून शंभर दाणे मोजून घेतले, सहा भोकाचे. पुरचुंड्यांचा वासही मेच्या मानाने फिका झालाय. सावलीत वाळवलेला जादा पाला बरणीत ठेवला होता, त्याच्या नव्या पुरचुंड्या घातल्या. दोन-अडीच महिन्यांपलीकडे जुन्यावर भरवसा ठेवू नये.

पावसाळ्यात कोठी उघडायचं वेळापत्रकच बदललं. रोज डबाभर काढायचा नाही. उघडीप असलेल्या दिवशी दुपारी पंधरा दिवसांचा गहू एकदम काढायचा. प्रत्येक वेळी उघडताना ओली हवा आत जाते आणि आपण पाऊस नाही म्हणतो तेव्हाही कोल्हापूरची जुलैची हवा ओलीच असते.

१५ जुलै

गिरणीत एका मावशींनी डबा आणला. गव्हाला आंबूस वास, दाणे गठ्ठ्यानं चिकटलेले, वर राखाडी बुरशी. विचारलं तर त्यांनी झाडावरून तोडलेला हिरवागार पाला थेट थरात घातला होता, "जितका ताजा तितका कडू" म्हणून. पानातलं पाणी गव्हानं घेतलं. आणि डबा घट्ट झाकणाचा, म्हणजे ते बाहेर जाणार कुठं? मी दळून दिला नाही. बुरशीचा गहू धुऊन-वाळवून खाण्याजोगा होत नाही, जनावरालाही घालू नका म्हटलं. पाला आणि घट्ट झाकण एकत्र करायचं तर पाला खडखडीत वाळलेला हवा, त्यात तडजोड नाही.

दुसऱ्या एकीनं गोळ्यांचं विचारलं, त्या गोदामात ठेवतात त्या. त्यातून फॉस्फीन वायू निघतो. बंद घरात माणसं झोपेत दगावलीत. त्या घरात आणायच्याच नाहीत, असं सरळ सांगितलं. बोरिक पावडरही मी वापरत नाही. तांदूळ धुताना सगळी जाते असं कुणी कितीही म्हणो.

६ ऑगस्ट

रोजच्या डब्यातल्या घनसाळाला जाळी. दाणे रेशमी धाग्यानं एकमेकांना चिकटून गठळी झालीय, आत मळकट पांढरी अळी. हे सोंड्याचं काम नाही, तांदळाच्या पाकोळीचं आहे. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती राखाडी रंगाची बारीक पाकोळी दिसते ना, ती काही खात नाही, जेमतेम आठ-पंधरा दिवस जगते, पण झाकणाच्या फटीतून अंडी घालते. पुरचुंडी होती तरी झालं.

अळी मोठी झाली की कोषात जायला डब्यातून वर चढते. म्हणून तांदूळ चाळून भागत नाही. झाकणाच्या आतल्या कडेला आणि फळीच्या खालच्या सांध्यात पांढरे कापसाळ कोष सापडले. ते जुन्या टूथब्रशनं खरवडून काढले, फळी पुसली. तांदूळ पाखडून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात चार दिवस ठेवला, पिशवी घट्ट बांधून, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या हवेला येईपर्यंत उघडली नाही, नाहीतर दाण्यावर पाणी धरतं. रोजच्या तांदळाला आता फिरकीच्या झाकणाची बरणी. रव्याचीही तिथंच बदली केली, त्याच फळीवर होता.

मोठ्या पिंपातला तांदूळ आज काढला. झाकण उघडताना जरा ओढून धरल्यासारखं वाटलं. एक पाकोळी नाही, जाळी नाही. भाताला वास घनसाळासारखाच आला.

२९ ऑगस्ट

मटकी. तेल लावलेल्या डब्यात थोडे दाणे "खिडकीचे" आहेत. भुंगा बाहेर पडायच्या आधी दाण्याच्या सालीखाली एक गोल, पातळ, काळपट चकती दिसते, तो आत तयार होऊन बसलेला असतो. तेल चोळायच्या आधीच जी अळी आत शिरली होती तिच्यावर तेलाचा उपाय नव्हता. पण बाहेर पडलेल्यांनी पुढची पिढी वाढवलेली दिसत नाही, नवे ठिपके जवळपास नाहीत.

बाटलीतल्या मटकीत तळाशी थोडे मेलेले भुंगे आहेत, तीन-चार दाणे भोकाचे, बाकी सगळी जशी भरली तशी. श्वास कोंडलेल्या बाटलीतल्या मटकीला मोड येतील का अशी शंका आत्याबाईंनी काढली, म्हणून मूठभर भिजवून फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी मोड आले, चांगले लांब. दाणा कोरडा असेल तर तो एवढ्यानं मरत नाही. मिसळ झाली.

७ सप्टेंबर

गौरीच्या सामानासाठी पहिली पिशवी सोडली. ट्यूबची पट्टी काढली तेव्हा किंचित कोंदट वास आला आणि मिनिटभरात गेला. वर हात फिरवला, मग सळईनं मधून आणि तळातून गहू काढला. तळाच्या ओंजळीत मेलेले सोंडे सापडले, पाय पोटाशी घेतलेले. चालणारा एकही नाही. शंभर दाण्यांत एकच भोकाचा. त्याच दिवशी कोठीतले मोजले: वरच्या थरात अकरा, खालच्या दारातून काढलेल्यांत चार.

एक भोक पिशवीतही आहेच. बांधल्या दिवशी किडे मरत नाहीत. आत किडे कमी असतील तर प्राणवायू संपायला जास्त दिवस लागतात, तोवर एखादा दाणा जातो. घाईनं आठवड्यात उघडून "अजून जिवंत आहेत" म्हणणाऱ्यांची पिशवी मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निदान महिना तरी हात लावायचा नाही.

आणि उघडलेली पिशवी आता पिशवी राहिली नाही. तिच्यातला गहू उद्या संपूर्ण काढून चार फिरकीच्या डब्यांत भरणार, रोज एकच डबा वापरायचा. रोजच्या डब्यात मात्र वाळलेल्या लिंबाची पुरचुंडी राहणार, कारण तो दिवसातून दोनदा उघडतो, तिथं श्वास कोंडत नाही. बाहेरच्या किड्याला आत यायला नको वाटावं एवढंच काम तिथं आहे, आणि तेवढं पाला करतो.

१८ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन तापलं. कोठीतला उरलेला वीसेक किलो गहू पाखडून, दोन दिवस ऊन देऊन, चाळून गिरणीत घेतला. दळताना पिठात काही दिसलं नाही, पण वजनाला हलका लागला. किडलेला दाणा आतून पोकळ असतो, पीठ कमी आणि कोंडा जास्त पडतो. दुसरी पिशवी अजून बांधलेली आहे, दिवाळीच्या करंज्यांना तीच सोडायची.

रिकामी पिशवी धुऊन उलटी वाळवली. आतल्या पिशवीत फुंकून तोंड पिळलं आणि गालाजवळ धरून दाबत फिरवली. तळाच्या कोपऱ्यात बारीक फुसका वारा लागला. फळीचा खिळा वर आला होता. ही आतली पिशवी आता हवाबंद कामाची नाही. बाहेरच्या थराला चालेल, आत नवी घ्यायची. खिळा ठोकून फळीवर जुनं गोणपाट अंथरलं.

पुढच्या साली कोठी ठेवायची ती फक्त ज्वारीला, दीड-दोन महिन्यांत संपेल तेवढ्या. गहू सगळा पिशव्यांत, आणि त्या ५० ऐवजी २५ किलोच्या मिळतात का बघायचं. आमच्या चार माणसांना २५ किलो महिनाभरात संपतो, म्हणजे उघडलेली पिशवी रेंगाळत नाही. जुना पाला कुंड्यांत टाकला.